सातशे मजुरांचे पेढे

मराठी घरात मायक्रोवेव्हची ओळख लिटरमध्ये करून देतात. "आमचा वीस लिटरचा", "आम्ही यंदा पाडव्याला अठ्ठावीस लिटरचा घेतला, कन्व्हेक्शनवाला." ऐकणारा मान डोलावतो आणि त्या अठ्ठावीस लिटरचं नेमकं काय करायचं असतं, ते दोघांनाही ठाऊक नसतं. लिटर पाठ, हप्ता पाठ, एक्स्चेंजमध्ये जुन्याचे किती आले तेही पाठ. पण "किती वॅटचा?" असं विचारून बघा. घरात शांतता पसरते. मग आतल्या खोलीतून कुणीतरी ओरडतं, "मोठा प्लग लागतो त्याला!"

आणि याच घरात कृती मात्र सेकंदाच्या हिशोबाने येतात. गॅसवरच्या आपल्या कृती बघा. "मंद आचेवर", "खमंग वास सुटेपर्यंत", "तांबूस होईतो". कायद्याच्या भाषेत सांगायचं तर लिहिणारीने स्वतःवर काहीच ओढवून घेतलेलं नाही. जळलं तर तुमचा वास चुकला. मायक्रोवेव्ह आला आणि याच बायका एकदम रेल्वेचं वेळापत्रक बोलू लागल्या. "एक मिनिट तीस सेकंद. ढवळा. पुन्हा चाळीस सेकंद." पण कुणाच्या मायक्रोवेव्हमध्ये, ते लिहीत नाहीत. आपल्याकडचा छोटा, साधा मायक्रोवेव्ह बहुतेकदा ७०० वॅटचा असतो, मोठे कन्व्हेक्शनवाले ८०० ते ९०० चे. अमेरिकेतल्या घरांत १००० ते १२०० वॅटचे सर्रास दिसतात. तिथल्या कुणी दीड मिनिटात मगात केक केला आणि तो बघून डोंबिवलीतल्या कुणी सातशेच्या ओव्हनमध्ये दीड मिनिट लावलं, तर मगातून जे निघतं ते चमच्याने पिता येतं. उलट दिशेने केलं, तर तोच केक चप्पलच्या दुकानात खपेल.

यावरचं गणित आपण सगळे सातवीत शिकलो आहोत. तेव्हा ते मजुरांच्या नावाने होतं. बारा मजूर एक विहीर सहा दिवसांत खणतात, तर सात मजूर तीच विहीर किती दिवसांत खणतील? व्यस्त प्रमाण. मजूर कमी, दिवस जास्त. त्या वयात प्रत्येकाला प्रश्न पडायचा, की ही विहीर आयुष्यात कधी उपयोगी पडणार? पडते. वॅट म्हणजे मजूर. कृतीतली वेळ गुणिले कृतीतले वॅट, भागिले तुमचे वॅट. बाराशे मजुरांनी सहा मिनिटांत केलेलं काम सातशे मजुरांना दहा मिनिटं आणि वर सतरा सेकंद लागतील. इतकंच. बाकी जे काही बिघडतं, ते मजूर मोजण्यात बिघडतं.

कारण मजूर किती, हे ओव्हनवर पुढे कुठेच लिहिलेलं नसतं. पुढे लिहिलेलं असतं 'ऑटो कुक', 'पिझ्झा', 'बटाटा'. वॅटचा आकडा असतो मागच्या बाजूला चिकटवलेल्या रुपेरी पट्टीवर, आणि मायक्रोवेव्ह नेहमी ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलेला असतो. त्यामुळे तो पुढे ओढायचा, वरचं साठवणीचं लोणचं आणि तूप आधी उतरवायचं, आणि मागे फोन घालून अंदाजाने फोटो काढायचा. आमच्याकडे हे काम मुलाने केलं. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरातल्या वायर असलेल्या सगळ्या वस्तू त्याच्याकडे जातात. पहिल्या फोटोत जाळं आलं, दुसऱ्यात स्वतःचा अंगठा, तिसऱ्यात पट्टी.

पट्टीवर आकडे भरपूर. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. २४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे आतल्या लहरींची वारंवारता. मग ११५० वॅट, आणि खाली बारीक अक्षरात ७०० वॅट. मुलाने अर्थातच मोठा आकडा उचलला. "आई, आपला साडेअकराशेचा आहे. म्हणजे अमेरिकेइतकाच."

हाच तो खड्डा. ११५० हा इनपुट, म्हणजे भिंतीतून ओव्हन जेवढी वीज ओढतो तो. ७०० हा आउटपुट, म्हणजे त्यातली जेवढी लहरींच्या रूपाने आतल्या अन्नापर्यंत जाते ती. हजेरीपटावर साडेअकराशे मजूर, विहिरीत उतरलेले सातशे. बाकीचे कुठे गेले? थोडे आतला दिवा धरून उभे आहेत, थोडे काचेची थाळी फिरवताहेत, काही पंखा ओढताहेत, आणि मोठा जथा नुसता गरम होतो आहे. लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन आणि त्याला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर यांत बरीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, म्हणून तर मागून गरम वारा येतो. साध्या ओव्हनमध्ये इनपुटच्या साठ-पासष्ट टक्केच आत पोचतं. कन्व्हेक्शनवाल्या ओव्हनच्या पट्टीवर तर ग्रिलचे वॅट वेगळे, कन्व्हेक्शनचे वेगळे आणि बहुधा सगळ्यांत मोठे. दुकानदार नेमका तोच आकडा सांगतो. कृतीच्या हिशोबात आपल्याला फक्त मायक्रोवेव्ह आउटपुट हवा.

हे सगळं आमच्या घरात उपटलं ते गणपतीच्या आधी, आणि त्याला कारण नणंदेचे पेढे. ती न्यू जर्सीला असते. तिथल्या मराठी घरांतून गणपतीत हे पेढे मायक्रोवेव्हमध्येच होतात, कारण दूध आटवत कढईपाशी उभं राहायला तिथे कुणाला वेळ नाही. कृती सोपी आहे. गोड कंडेन्स्ड मिल्कचा चारशे ग्रॅमचा एक डबा, ३४० ग्रॅम दूध पावडर, आणि लोण्याची एक कांडी. तिकडे लोणी कांडीने मोजतात, कांडी म्हणजे ११३ ग्रॅम. लोणी पातळ करून सगळं मोठ्या काचेच्या भांड्यात कालवायचं. भांडं मोठंच हवं, कारण मिश्रण फुगून वर येतं आणि उतू गेलं की थाळीखालच्या चाकांत जाऊन बसतं. सहा मिनिटं, दर दोन मिनिटांनी बाहेर काढून ढवळायचं. मग केशर, वेलची, आणि कोमट झालं की वळायचे.

"माझा बाराशेचा आहे गं वहिनी," ती म्हणाली. "तू तुझं बघून घे."

मुलाने त्याचं बघून घेतलं होतं. १२० सेकंद गुणिले १२००, भागिले ११५०. उत्तर आलं १२५ सेकंद. "दर फेरीला पाच सेकंद जास्त, बस." या हिशोबाने तीन फेऱ्यांची सव्वासहा मिनिटं झाली असती, आणि सातशेला लागणार होती सव्वादहा. चार मिनिटं कमी शिजलेला पेढा म्हणजे काय, तर तळहाताला चिकटून राहणारं गोड मलम. नैवेद्याला तो वाटीतून दाखवावा लागतो.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. ते वीज मंडळातून निवृत्त झाले आहेत आणि आकडा ऐकला की त्यांना जिन्यातही राहवत नाही. त्यांनी फोटो पाहिला, सातशेवर बोट ठेवलं, आणि मग शंका काढली. "पट्टीवर सातशे आहे, ते नवा होता तेव्हाचं. आज किती आहे?" मॅग्नेट्रॉन जुना झाला की त्याची ताकद घटते, हे खरं आहे. आणि साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये व्होल्टेज उतरलं की आउटपुटही उतरतो. संध्याकाळी मंडळाची रोषणाई लागायच्या आत पेढे उरका, असा त्यांचा व्यावसायिक सल्ला होता.

ओव्हनचे खरे वॅट मोजायची एक घरगुती रीत आहे, आणि ती काकांना तोंडपाठ होती. एक लिटर पाणी मोजून घ्यायचं. त्याचं तापमान बघायचं. पूर्ण पॉवरवर बरोबर एक मिनिट ठेवायचं, बाहेर काढून ढवळायचं, पुन्हा तापमान बघायचं. जितके अंश वाढले, त्याला सत्तरने गुणायचं. झाले वॅट. सत्तरच का? एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४२०० जूल लागतात, आणि मिनिटात साठ सेकंद असतात. भागा.

अडलं ते थर्मामीटरवर. घरातला तापाचा थर्मामीटर मुलाने नळाच्या पाण्यात बुडवला, तर त्याने `Lo` असं दाखवून हात झटकले. तो ३२ अंशांच्या खाली माणूस जिवंत धरत नाही. शेवटी काका वर गेले आणि आपल्या फिशटँकमधला काचेचा थर्मामीटर घेऊन आले. चकतीसकट. तो या कामाला उत्तम, कारण त्याच्यावर शून्यापासून पन्नासपर्यंत खुणा असतात आणि आपल्याला नेमकं तेवढंच लागतं. फक्त तो पाण्यात ठेवून ओव्हनमध्ये घालायचा नाही. आधी आणि नंतर, बाहेर मोजायचं. काकांनी तो धुऊन आणला असेल असं सासूबाईंनी दोनदा विचारून घेतलं, आणि तरीही ते पाणी नंतर तुळशीला गेलं.

आधी २४ अंश. मिनिटानंतर काकांनी चष्मा कपाळावर घेऊन वाचलं, साडेतेहतीस. साडेनऊ गुणिले सत्तर, ६६५.

"पस्तीस मजूर दांडी मारून आहेत," मुलगा म्हणाला.

काका म्हणाले, नाहीत. ओव्हन सुरू केला की मॅग्नेट्रॉन तापून कामाला लागायला दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्या वेळात दिवा लागतो, थाळी फिरते, पण आत काहीच शिजत नाही. शिवाय भांड्यानेही थोडी उष्णता घेतली. हे दोन्ही जमेस धरलं, तर सातशे प्रामाणिक आहेत. एवढ्या-तेवढ्या पाच टक्क्यांनी पेढा बिघडत नाही. पाचशेच्या आसपास उत्तर आलं असतं, तर काळजी करायची.

त्या दोन-तीन सेकंदांचा एक फायदा कळला तो असा, की दहा सेकंदांच्या कामाला हे त्रैराशिक लावण्यात अर्थ नाही. लोणी मऊ करायला "दहा सेकंद" लिहिलेले असतात, त्यातले पहिले तीन मजुरांच्या चहात जातात.

आता १२० गुणिले १२००, भागिले ७००. सेकंदांत उत्तर १९९ आणि २१२ च्या मधलं कुठलं तरी येणार, असं मुलाने तोंडी सांगितलं आणि फोनवर काढलं. पण फोनवर त्याने मिनिटांत काढलं, म्हणून आलं ३.४३. आणि त्याने ओव्हनवर तीन-चार-तीन दाबलं, म्हणजे तीन मिनिटं त्रेचाळीस सेकंद.

इथे मात्र काकांनी त्याचा हात धरला. मिनिटाच्या पुढे दशांश चिन्ह आलं, की ते सेकंद नसतात. ०.४३ मिनिट म्हणजे २६ सेकंद. फेरीमागे सतरा सेकंदांचा फरक, तीन फेऱ्यांत जवळजवळ एक मिनिट. म्हणून हिशोब आधीच सेकंदांत करावा. २०६ सेकंद आले, साठने भागलं, तीन मिनिटं सव्वीस सेकंद. ओव्हनलाही याची शिस्त नाही, हे खरं. बटणांच्या बऱ्याच ओव्हनवर नव्वद दाबलं तर तो निमूट नव्वद सेकंद चालतो, आणि शंभर दाबलं तर एक मिनिट. नव्वद हे शंभरच्या दीडपट असलेलं मला माहीत असलेलं हे एकच ठिकाण.

पहिली फेरी लागली. जवळजवळ साडेतीन मिनिटं पाच माणसं एका फिरत्या भांड्याकडे बघत उभी. अशा वेळी कुणीतरी काहीतरी विचारतंच. यजमानांनी विचारलं, "उलट असतं तर? म्हणजे ओव्हन आपला मोठा, आणि कृती सातशेची?"

काका याचीच वाट बघत होते. तेव्हा दोन वाटा असतात, ते म्हणाले. एक, वेळ कमी करा. हजारच्या ओव्हनमध्ये सातशेच्या कृतीतली दहा मिनिटं सात होतील. दोन, वेळ तीच ठेवा आणि पॉवर सत्तर टक्क्यांवर आणा. नाजूक कामाला दुसरी वाट बरी. अंडं, चॉकलेट, पनीर, दही घातलेलं काहीही. जोरात तापवलं की कडेला फाटतं आणि मधे थंड राहतं, कारण मायक्रोवेव्हच्या लहरी अन्नात वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच जोरात पोचतात. पुढे आत उष्णता आपली आपण सरकत जाते, आणि ती काही वॅट बघून घाई करत नाही. छोट्या ओव्हनवाल्याला मात्र एकच वाट. सातशेचे बाराशे करायचं बटण कुठल्याही ओव्हनवर नसतं.

"आणि पॉवर पन्नास टक्के केली म्हणजे सातशेचे साडेतीनशे झाले ना?" मुलाने विचारलं.

सरासरीने झाले. पण साध्या ओव्हनला साडेतीनशे मजूर बोलावता येतच नाहीत. त्याला सगळे सातशे बोलवायचे किंवा सगळ्यांना बसवायचं, एवढंच येतं. म्हणून तो सगळ्यांना पंधरा सेकंद राबवतो आणि पंधरा सेकंद बिडी प्यायला सोडतो. कान देऊन ऐकलं तर कळतं, घुर्रर आवाज येतो, मग नुसता पंख्याचा, मग पुन्हा घुर्रर. इन्व्हर्टरवाल्या ओव्हनमध्ये खरोखरच निम्मे मजूर सलग काम करतात, म्हणून त्याचा आवाज बदलत नाही. ज्यांचं दूध पन्नास टक्क्यांवरसुद्धा उतू जातं, त्यांचा ओव्हन पहिल्या जातीचा असतो. त्या पंधरा सेकंदांत दुधाच्या दृष्टीने सातशेच चालू असतात.

पहिली फेरी संपली. भांडं काढलं, ढवळलं. लोणी कडेला सुटून तरंगत होतं, मिश्रण पातळ आणि पिवळट. दुसरी फेरी लावली.

सासूबाई ओट्यापाशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांचा या सगळ्याला तात्त्विक विरोध नव्हता, फक्त त्यांनी विचारलं, "मग भातालाही असंच का? तोही बाराशेचा सातशे करून लावायचा?"

प्रश्न मोठा मार्मिक होता, आणि काका पहिल्यांदाच थोडे थांबले. भाताच्या कृतीत दोन भाग असतात. पहिल्यात पाणी उकळेपर्यंत पूर्ण पॉवर. ते विहीर खणण्याचं काम, त्याला व्यस्त प्रमाण लागू. पाच मिनिटांची साडेआठ होतील. पण पुढचा भाग, अर्ध्या पॉवरवर दहा-बारा मिनिटांचा, हे खणणं नाही. पाणी एकदा उकळलं, की ते शंभर अंशांच्या पुढे जात नाही. कितीही मजूर ओता, तांदळाच्या दाण्यात पाणी मुरायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. जास्त ताकद लावली तर फक्त वाफ जास्त आणि ओटा ओला. म्हणून तिथे मिनिटं बदलायची नाहीत, पॉवर जुळवायची. त्यांच्या बाराशेचे अर्धे म्हणजे सहाशे, ते आपल्या सातशेच्या साधारण पंच्याऐंशी टक्के. बटणावर पंच्याऐंशी नसतं, ऐंशी असतं. ऐंशी ठेवा. आणि कृतीच्या शेवटी "पाच मिनिटं झाकून ठेवा" असं असतं, त्या पाचची साडेआठ करू नका. त्यात ओव्हन बंद असतो.

"आणि पापड?" सासूबाई थांबायला तयार नव्हत्या.

पापडाला काहीच लागू नाही. ओव्हनचे ७०० वॅट हे एक लिटर पाण्यावर मोजलेले असतात. आंतरराष्ट्रीय मानकही तेच सांगतं. आत भरपूर पाणी असलं, की लहरी त्यात जिरतात. एकटा पापड म्हणजे वाळलेली दहा-बारा ग्रॅमची चकती. लहरी त्याच्या आजूबाजूने धातूच्या भिंतींवर आपटत हिंडतात आणि त्यातल्या थोड्याच त्याच्या वाट्याला येतात. विहीर वीतभर आणि मजूर सातशे, मग काय होणार? ब्रिटनमध्ये तर यासाठी ओव्हनवर वॅटशिवाय ए ते ई यांतलं एक वेगळं अक्षर छापायची पद्धत आली, खास छोट्या पाकिटांतल्या अन्नासाठी. पाकिटावर तेच अक्षर शोधायचं आणि त्यासमोरची वेळ लावायची. आपल्या पापडाच्या पाकिटावर असं काही नसतं, म्हणून पापड काचेतून बघत भाजावा. फुलला की काढावा. दुसरा पापड पहिल्यापेक्षा लवकर होतो, कारण काचेची थाळी तोवर तापलेली असते.

दुसरी फेरीही संपली. आता मिश्रण घट्ट होतं, मधे बुडबुडे येऊन फुटत होते. ढवळलं, आणि मी तिसरी फेरी लावली, पण काचेपासून हलले नाही. दुधात एकदा पाणी कमी झालं, की शेवटचा टप्पा भराभर जातो. तोवर उष्णता पाणी उडवण्यात खर्च होत असते, नंतर ती साखरेच्या मागे लागते आणि भांड्याच्या मधोमध एक तपकिरी डाग पडतो. म्हणून शेवटच्या फेरीत गणिताने सांगितलेली वेळ ही कमाल मर्यादा. मधे दार उघडून बघायला काही पैसे पडत नाहीत, ओव्हन थांबतो आणि पुन्हा तिथूनच सुरू होतो.

आणि मिश्रणाने ऐकलं नाही. तीन मिनिटं सव्वीस सेकंदांच्या फेरीत दीड मिनिट उलटून थोडं झालं असेल, तोच ते भांड्याच्या कडा सोडून मधे गोळा व्हायला लागलं. मी दार उघडलं. चिमूटभर थाळीवर टाकून गार केलं, तूप लावलेल्या बोटांत फिरवलं. गोळी झाली, बोटं कोरडी. झालेच होते. काका घड्याळाकडे बघत म्हणाले, अजून पावणेदोन मिनिटं बाकी आहेत. सासूबाई म्हणाल्या, कडा सुटल्या. यजमानांनी ओव्हनचा प्लगच काढला. मिश्रण अजून मऊ वाटत होतं, पण ते तसंच हवं. गार होताना ते आणखी आवळतं. ओव्हनमध्येच घट्ट होईतो ठेवलेला पेढा दुसऱ्या दिवशी नारळ फोडायच्या कामी येतो.

काकांना मात्र चैन पडेना. पाण्याने सांगितलं सातशे, पट्टीने सांगितलं सातशे, मग हिशोब पावणेदोन मिनिटांनी का चुकला? आपली बाजू पक्की असताना उत्तर चुकत असेल, तर त्यांचं म्हणणं, समोरच्या बाजूचं मोजमाप कच्चं आहे. "तिचे बाराशे कुणी पाहिलेत?"

न्यू जर्सीला सकाळ झाली होती. नणंदेला फोन लावला. तिचा ओव्हन शेगडीच्या वर भिंतीतच बसवलेला, त्याच्या मागे बघायची सोय नाही. काका म्हणाले, दार उघड, चौकटीच्या आत पट्टी असते. होती. त्यावर पंधराशेच्या वरचा आकडा, अर्थात इनपुट. "आउटपुट?" नव्हता. मग तिने चहाचा कप हातात घेऊन खणातली माहितीपुस्तिका शोधली. त्या खणात चायनीज हॉटेलची सॉसची पाकिटं आणि मागच्या वर्षीच्या समया निघाल्या, आणि तळाशी पुस्तिका. तिने वाचलं. आउटपुट १००० वॅट.

"अगोबाई! बाराशेचा आधीचा होता. तो जुन्या घरी राहिला."

"आणि हे पेढे तू कुठल्या ओव्हनमध्ये करतेस, सहा मिनिटांत?" काकांनी साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं.

"याच्यातच की. दर वर्षी."

काकांनी माझ्या वाणसामानाच्या यादीमागे नवा हिशोब मांडला. सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद. गुणिले १०००, भागिले ७००. ५१४ सेकंद. आपण पहिल्या दोन फेऱ्यांत घालवले दोनदा २०६, म्हणजे ४१२. उरले १०२. एक मिनिट बेचाळीस सेकंद. "कडा कधी सुटल्या म्हणालात?"

दीड मिनिट उलटून थोडं झालं होतं तेव्हा. काका खुर्चीत मागे रेलले. इतका समाधानी माणूस मी वीजबिल भरण्याच्या रांगेच्या पलीकडे कधी पाहिला नव्हता. मुलाने तो कागद फोटो काढून आत्याला पाठवला. तिने खाली अंगठा पाठवला आणि विचारलं, पण मुळात ही कृती मला कुणी दिली होती, आठवतंय का?

सासूबाईंना आठवत होतं. त्यांनीच. आठ-दहा वर्षांपूर्वी फोनवर, आणि गॅसवरची. "मी हिला कुठे मिनिटं सांगितली होती? कडा सुटेपर्यंत म्हटलं होतं. ही सहा मिनिटं तिची."

मग त्यांनी वळलेल्यातला एक पेढा उचलला, देवाकडे बघून मनातल्या मनात परवानगी घेतल्यासारखं केलं, आणि चाखला. काका पेन उघडून बसले होते.

"वेलची कमी पडली," त्या म्हणाल्या.